समांतर रोध: छेद आधी काढावा की शेवटी उलटवावं?

आर्वीकडच्या आमच्या खेड्यातली दहावीची पोरं या गणितात नेहमी एकाच जागी अडतात. 60 ओहमच्या रोधाला समांतर किती ओहमचा रोध जोडला, तर परिणामी रोध 24 होईल?

1/24 = 1/60 + 1/x

एक रीत: 1/x वेगळा काढा. 1/24 − 1/60 = 3/120 = 1/40. झटपट होते, पण पोरं 3/120 लाच उत्तर समजून 0.025 ओहम लिहितात. उलटवायचं राहूनच जातं.

दुसरी रीत: दोन्ही बाजूंना लसावि 120x ने गुणा. 5x = 2x + 120, म्हणून x = 40. इथे उलटवायचं काही उरतच नाही, म्हणून मी हीच आधी शिकवतो.

रीत कोणतीही असो, x हा 24 पेक्षा मोठाच यायला हवा, कारण समांतर जोडणीत परिणामी रोध प्रत्येक रोधापेक्षा लहान असतो. 24 च्या जागी 75 मागितले, तर x ऋण येईल. तसा रोध जोडताच येत नाही.