चोवीस हजारांचं किट आणि ओटीभर संत्री

आमची चिऊ पावणेचार वर्षांची असताना लहान मुलांना आकडे शिकवणारं एक किट घेऊन आम्ही चोवीस हजार रुपयांना फसलो. यंदाही डिसेंबरमध्ये नागपुरात प्रदर्शनं लागतील आणि तसेच स्टॉल असतील, म्हणून सगळं नीट लिहून ठेवते आहे.

रेशीमबागेच्या मैदानावर प्रदर्शन लागलं होतं. एका स्टॉलवरच्या मुलाने चिऊच्या हातात टॅब दिला आणि म्हणाला, ‘ताई, दहा मिनिटांची फ्री टेस्ट आहे, पाहून तर घ्या.’ पडद्यावर फुगे यायचे, किती आहेत ते ओळखायचं, आणि तीन-चार सेकंदांत प्रश्न गायब. चिऊ फुगे बघेपर्यंत पुढचा प्रश्न आलेला असायचा. शेवटी रिपोर्ट आला: ‘संख्याज्ञान ३८ टक्के, वयाच्या मानाने मागे’. माझ्या पोटात खड्डाच पडला. त्यावर तो म्हणाला, ‘सहा वर्षांपर्यंत मेंदू नव्वद टक्के तयार होऊन जातो, ताई. आता नाही केलं तर मग काय उपयोग?’

हा नव्वद टक्के आकडा खोटा नाही, आणि म्हणूनच आपण त्याला फसतो. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण ९० टक्के होतो, हे खरं आहे. पण ते आकारमान आहे. शिकणं नव्वद टक्के संपलं, असा त्याचा अर्थ नाही. हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी आम्ही तीन हजार रोख दिले आणि उरलेल्या एकवीस हजारांसाठी ह्यांनी मोबाईलवर आलेला ओटीपी सांगितला. ‘हप्ता’ म्हणून सांगितलेलं ते खरं तर एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं: दरमहा १,७५० रुपये, बारा महिने. बदल्यात एक मोठा खोका, त्यात कार्डं, एक गोल पटाचा खेळ आणि वर्षभराचं ॲप. ‘डेमो दाखवतो’ म्हणून त्या मुलाने खोक्याचं सील तिथेच फोडलं. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

सहा आठवडे चिऊ रोज वीस मिनिटं ॲपवर बसली. रिपोर्ट ९२ टक्क्यांवर गेला. ‘१ ते २० प्रावीण्य’ असा सोनेरी बिल्ला आला आणि मी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

जानेवारीत सासूबाई काटोलहून आल्या. टोपलीत संत्री होती. त्या चिऊला म्हणाल्या, ‘पाच संत्री आण वं बाई, रस काढतो.’ चिऊ फ्रॉकच्या ओटीत मावतील तेवढी संत्री घेऊन आली. आईंनी विचारलं, ‘किती आणली?’ तिने एकेका संत्र्यावर बोट ठेवत अगदी बरोबर मोजलं, एक ते आठ. मग आईंनी पुन्हा विचारलं, ‘म्हणजे किती झाली?’ चिऊ पुन्हा एकपासून मोजायला लागली. आठ हा शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संत्री, हे तिला उमजलेलंच नव्हतं. दोन मागितली की दोन द्यायची, तीन मागितली की तीन. चार म्हटलं की मूठभर.

बालवाडीच्या एका अनुभवी बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मग चांगलंच चाललंय की!’ आकडे ओळीने म्हणणं एखाद्या बडबडगीतासारखं आधी येतं. ‘मला एक दे, दोन दे, तीन दे’ हे एकेका आकड्याने, मध्ये काही महिने घेत येतं. चार वर्षांच्या आसपास कधीतरी एकदम उलगडतं की शेवटचा आकडा हीच एकूण संख्या. पावणेचार वर्षांची मुलगी तीनपर्यंत देते, हे मागे असण्याचं लक्षण मुळीच नाही. म्हणजे ३८ टक्के खोटे होते. मग ९२ टक्के कुठून आले?

त्या रात्री मी ॲपमध्ये दुसऱ्या नावाने नवीन मूल नोंदवलं आणि पडद्याकडे न बघता, आवाज बंद ठेवून, बोट मारत गेले. दर प्रश्नाला तीन पर्याय होते. चुकीच्या पर्यायावर बोट पडलं की तो नाहीसा व्हायचा. दोन चुकले की उरलेला एकच, तो बरोबर असणारच. थोडं थांबलं तर बरोबर उत्तर आपणहून लुकलुकायचं. आणि गुण मिळायचे प्रश्न ‘पूर्ण’ केल्याचे, पहिल्या फटक्यात बरोबर आल्याचे नाही. न बघता खेळून मला ‘प्रावीण्य’ मिळालं.

स्टॉलवरच्या टेस्टमध्ये वेळ कमी होता आणि मदत नव्हती. घरच्या खेळात वेळ भरपूर होता आणि उत्तर लुकलुकत होतं. दोन वेगळ्या मापांनी मोजून मधला फरक ‘प्रगती’ म्हणून आम्हाला विकला. विकत घ्यायच्या आधी हेच करून बघा: आवाज बंद करून स्वतः मुद्दाम चुकत खेळा. मग घरी मुलाला पाच चमचे आणायला सांगा, महिनाभराने पुन्हा तसंच सांगा.

खोक्यावर ‘संशोधनावर आधारित’ असं छापलं होतं. कोणतं, असं कंपनीला विचारल्यावर त्यांनी गीता रमाणी आणि रॉबर्ट सिग्लर यांचा २००८ सालचा निबंध पाठवला. मी तो बसून वाचला. संशोधन खरं आहे आणि सुंदर आहे, पण ते ॲपवर नाहीच. त्यात मोठं माणूस समोर बसून मुलांशी १ ते १० घरांचा सरळ पट खेळत होतं. मूल तीनच्या घरात असेल आणि दोन आले, तर ‘एक, दोन’ नव्हे, ‘चार, पाच’ म्हणत पुढे जायचं. पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, दोन आठवड्यांत. आकडे असलेला पट खेळणारी मुलं सुधारली. तेवढाच वेळ नुसत्या रंगांचा पट खेळणारी सुधारली नाहीत. त्याच दोघांनी पुढच्या वर्षी सरळ आणि गोल पट ताडून पाहिले, तर फायदा सरळ पटाचा दिसला. आमच्या खोक्यातला पट गोल होता.

मी जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर एका ओळीत दहा चौकोन आखले. सोंगटी म्हणून चिंचोका आणि एक नाणं: छापा आला तर एक, काटा आला तर दोन. आईंनी हा पट चिऊबरोबर रोज दुपारी खेळायला घेतला. आता ती पाच मागितले तर पाच देते. हे पटामुळे झालं की वयामुळे, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. दोन्हीमुळे असेल.

पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आलं, ‘सील फुटलेलं आहे, परत घेता येत नाही.’ मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. सोबत पावती, ३८ टक्क्यांच्या रिपोर्टचा फोटो आणि न बघता प्रावीण्य मिळवतानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग दिलं. रेकॉर्डिंग पोचल्यावर आठवडाभरात कंपनीचा फोन आला. उरलेले सात हप्ते रद्द झाले, भरलेले पाच आणि रोख तीन हजार गेले ते गेले. कर्ज बंद झाल्याचं पत्र मात्र फायनान्स कंपनीकडून वेगळं मागून घ्यावं लागलं. ते हातात येईपर्यंत आणखी एक हप्ता खात्यातून कापला गेला होता, आणि तो परत मिळवायला मला दोनदा सीताबर्डीच्या ऑफिसात जावं लागलं.