फोटोवरून केलेलं भाषांतर उलट करून तपासणं : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आईला थायरॉईडची (लेव्होथायरॉक्सिन) गोळी सुरू झाल्यापासून मी फोटोवरून भाषांतर करणारं अ‍ॅप वापरतोय. औषधासोबतचा कागद इंग्रजीत असतो आणि आईला सगळं स्वतः मराठीत वाचायचं असतं. मिळालेला मराठी मजकूर मी दुसऱ्या अ‍ॅपमध्ये टाकून परत इंग्रजीत करतो आणि मूळ कागदाशी ताडून बघतो. अ‍ॅप मुद्दाम वेगळं घेतो, कारण एकच अ‍ॅप स्वतःची चूक उलट्या वाटेने झाकून टाकू शकतं.

फायदा लगेच दिसला. कागदावर होतं : दिवसातून एकदा, उपाशीपोटी, नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी. मराठीत आलं, ‘जेवणाच्या ३० ते ६० मिनिटे आधी’. वाचताना काहीच खटकत नाही. उलट केल्यावर मात्र ‘ब्रेकफास्ट’च्या जागी ‘मील्स’ आलं. म्हणजे सकाळची गोळी कुणी दुपारच्या जेवणाआधीही घेईल. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉईडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवून घ्या, या वाक्याचंही तसंच. मराठीत ते ‘दर चार तासांनी घ्या’ झालं होतं, आणि उलट इंग्रजीत ‘एव्हरी’ दिसल्याबरोबर पकडलं गेलं.

शब्द बदलले म्हणून लगेच अर्थ सरकला असं नाही. ‘टॅब्लेट’चं ‘पिल’ झालं तर मी सोडून देतो. नकार, आकडा आणि त्याचं एकक, आधी की नंतर, किती वेळा, एवढ्यावरच मी बोट ठेवून वाचतो.

पण दोन प्रकारच्या चुका या तपासणीत सापडत नाहीत. पहिली फोटोतली. कागदाच्या घडीवर किंवा चमकत्या पट्टीवर दशांश चिन्ह पुसट असेल तर १२.५ मायक्रोग्रॅमचं १२५ वाचलं जातं. मग मराठीत १२५ आणि उलट इंग्रजीतही १२५, सगळं अगदी जुळतं! म्हणून भाषांतराआधी अ‍ॅपने फोटोतून काय वाचलं ते इंग्रजीतच उघडून कागदाशी ताडायचं. कागद सपाट ठेवायचा, फ्लॅश बंद, आणि एका वेळी एकच परिच्छेद.

दुसरी जास्त चकवणारी. राहून गेलेल्या गोळीला अ‍ॅपने ‘चुकलेला डोस’ म्हटलं. उलट केल्यावर ‘मिस्ड डोस’ अचूक परत आलं, पण आईने त्याचा अर्थ ‘चुकीचा डोस’ असा घेतला. इथे यंत्र उपयोगाचं नाही. आता मी तिला वाचायला देतो आणि विचारतो, “आई, यावरून तू नेमकं काय करशील?” तिचं उत्तर कागदाशी जुळलं नाही तर ते वाक्य स्वतः मराठीत लिहून देतो.

डोसचा आकडा मात्र मी भाषांतरावरून कधीच घेत नाही. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवरूनच घेतो, आणि शंका आली तर केमिस्टला विचारतो.