केमोच्या खुर्चीतलं पुस्तक आणि त्यानंतरचं पुस्तक

वहिनीला स्तनाचा कॅन्सर असल्याचं फेब्रुवारीत कळलं आणि पहिल्याच आठवड्यात घरात तीन पुस्तकं भेट आली. तिन्ही एकाच जातीची. मुखपृष्ठावर उगवता सूर्य, आत मनाची शक्ती. मनात वर्षानुवर्षं साचलेल्या रागाचीच गाठ होते, असं त्यांतल्या एकात लिहिलं होतं. वहिनीनं ते पान वाचलं आणि मला विचारलं, “ताई, म्हणजे हे मीच करून घेतलं?” ते पुस्तक मी त्याच संध्याकाळी पिशवीत घालून फोंड्याहून माझ्या घरी नेलं. ते अजून माळ्यावर आहे. रद्दीत द्यायलाही भीती वाटते, उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती लागायचं.

डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या हजाराहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाची मनःस्थिती चांगली असो वा वाईट, त्यावरून तो किती जगेल हे ठरत नाही, असं त्यात दिसलं. प्रसन्न राहिलं की दिवस बरा जातो, हे खरं. पण रडणारी बाई स्वतःचा कॅन्सर वाढवत नसते. आशा देणारं पुस्तक हे ओझं वाचणाऱ्याच्या डोक्यावर ठेवत असेल, तर ते मी घरात येऊ देत नाही. ही माझी पहिली चाळणी.

दुसरी चाळणी मला वहिनीच्या उपचारांनी शिकवली. प्रत्येक कॅन्सरचं स्वतःचं घड्याळ असतं. लेखकाचं घड्याळ आणि वाचणाऱ्याचं घड्याळ जुळलं नाही, तर चांगलं पुस्तकही टोचतं. वहिनीचं वेळापत्रक असं होतं: आधी दर 21 दिवसांनी एक, असे लाल औषधाचे चार डोस, मग दर आठवड्याला एक, असे दुसऱ्या औषधाचे बारा. मार्चपासून ऑगस्टपर्यंत सहा महिने बांबोळीच्या इस्पितळाच्या फेऱ्या. गणपतीची चवथ झाल्यावर ऑपरेशन, मग रेडिएशनच्या 15 बैठका, आणि त्यानंतर रोज एक गोळी, पाच वर्षं. हे समोर ठेवूनच मी पुस्तकं शोधली. मी इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे पुढची सगळी पुस्तकं मी इंग्रजीतून वाचली आणि घरात मराठीत सांगत गेले.

पहिलं युवराज सिंगचं ‘द टेस्ट ऑफ माय लाइफ’, 2013 चं. हे आणलं भाच्यासाठी, म्हणजे वहिनीच्या चौदा वर्षांच्या मुलासाठी, पण आधी वाचून संपवलं वहिनीनं. 2011 च्या विश्वचषकाचा मालिकावीर छातीत गाठ घेऊन खेळत होता, हे आपल्याला नंतर कळलं. या पुस्तकाचा प्रामाणिकपणा तिथेच आहे. खोकला, उलट्या, थकवा असतानाही माणूस किती महिने स्वतःला फसवू शकतो आणि उपचार पुढे ढकलू शकतो, हे तो लपवत नाही. सगळं ऐकून सासूबाई, म्हणजे माझी आई, एवढंच म्हणाली, “त्याची आई सोबत होती म्हणून निभावलं.” मायलेकाचं नातं पुस्तकात खरंच छान आलंय.

पण घड्याळ बघा. युवराजला झाला होता तो जर्म सेल गाठींतला सेमिनोमा. केमोनं सर्वात चांगले बरे होणाऱ्या कॅन्सरमध्ये त्याची गणना होते. 2012 च्या सुरुवातीला अमेरिकेत त्याला केमोच्या तीन सायकल मिळाल्या, एप्रिलमध्ये तो भारतात परतला आणि सप्टेंबरमध्ये भारताकडून मैदानावर उतरला. भाच्यानं बोटांवर महिने मोजले आणि म्हणाला, “मग आईचं चवथीपर्यंत संपायला हवं.” नाही संपलं. त्या दिवसापासून पुस्तक हातात देतानाच सांगायचं असं मी ठरवलं, की हा वेगळा कॅन्सर, ही वेगळी औषधं, याचे महिने आपल्याला लावायचे नाहीत. एवढं सांगितलं की केमो चालू असताना वाचायला हे चांगलं. प्रकरणं हलकी आहेत. लाल औषधानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत वहिनीला पेज आणि लोणच्यापलीकडे काही जात नसे आणि दोन पानांपुढे वाचलेलं डोक्यात राहत नसे. अशा वेळी कुठूनही उघडता येईल असंच पुस्तक चालतं.

याच्या अगदी उलट टोकाला पॉल कलानिधीचं ‘व्हेन ब्रेथ बिकम्स एअर’. कॅन्सरवरचं पुस्तक म्हटलं की लोक सर्वात आधी याचंच नाव घेतात, आणि माझी सर्वात जास्त भांडणं याच पुस्तकावरून झाली. कलानिधी मेंदूचा सर्जन. 2013 मध्ये त्याला पसरलेला फुफ्फुसाचा कॅन्सर झाल्याचं कळलं. गोळीनं आजार काही काळ दबला आणि तो पुन्हा ऑपरेशन थिएटरात उभा राहिला. मग आजार परत वाढला. 2014 मध्ये मुलगी झाली आणि मार्च 2015 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, तो गेला. पुस्तक पुढच्या वर्षी आलं. शेवटचा भाग त्याच्या बायकोनं लिहिलाय, कारण तोवर लिहिणारा उरला नव्हता.

पुस्तक सुंदर आहे, खोटं एक अक्षर नाही. तरीही जिच्या आजारावर पूर्ण बरं करण्यासाठी उपचार चालले आहेत, तिला केमोच्या मध्यावर हे देऊ नका. एका शेजारणीनं वहिनीला ते दिलं, “फार प्रेरणादायी आहे” असं म्हणून. वहिनीनं आधी शेवटची पानं उघडली (ती सगळ्याच पुस्तकांचं असं करते) आणि दोन दिवस बोलली नाही. पसरलेला फुफ्फुसाचा कॅन्सर आणि स्तनापुरता, काखेतल्या गाठींपुरता कॅन्सर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डॉक्टरांना कळतं. खुर्चीत सलाईन लावून बसलेल्या बाईला त्या क्षणी ते वेगळं काढता येत नाही.

मग ते कुणासाठी? माझ्या भावासाठी. सहा महिने गाडी चालवणं, रिपोर्ट सांभाळणं आणि कुणाशी काही न बोलणं, एवढंच त्यानं केलं होतं. डॉक्टरच रुग्ण झाल्यावर त्यालाही ‘किती वर्षं?’ हा प्रश्न पडतो, आणि त्याची डॉक्टर त्याला आकडा देत नाही. तो भाग वाचून भाऊ पहिल्यांदा म्हणाला, की बांबोळीला डॉक्टरांनी टक्केवारी सांगितली नाही याचा त्याला राग आला होता, आता तेवढा नाही. आणि ज्या घरात उपचार आता बरं करण्यासाठी नाहीत, त्रास कमी ठेवण्यासाठी आहेत, तिथे हेच पुस्तक सर्वात जवळचं ठरू शकतं. तिथे युवराज नको.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर एका छोट्या निबंधाबद्दल सांगते. अख्ख्या पुस्तकाच्या तोडीचा आहे. स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञाचा, 1985 चा, ‘द मीडियन इजन्ट द मेसेज’. 1982 मध्ये त्याला पोटातला मेसोथेलिओमा हा कॅन्सर झाला. वाचनालयात शोधल्यावर सापडलं की या आजारात निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने. त्यानं स्वतःला विचारलं, मध्यक म्हणजे काय? अर्धे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात आणि अर्धे त्यानंतर. पहिल्या अर्ध्यांना शून्य ते आठ एवढीच जागा आहे, दुसऱ्या अर्ध्यांना मात्र पुढे वर्षानुवर्षं लांबलेली शेपटी. आपण त्या शेपटीत असू शकतो का, हे वय, आजाराची अवस्था आणि मिळणारे उपचार यांवरून बघायचं. तो पुढे वीस वर्षं जगला आणि 2002 मध्ये वेगळ्याच कॅन्सरनं गेला. भाच्याला मी हे वहीवर चित्र काढून समजावलं. रात्री मोबाइलवर आकडे शोधत बसणारं कुणी घरात असेल, तर आधी हा निबंध द्या.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते पुस्तक. रेडिएशनची पंधरावी बैठक झाली, पेढे वाटले, पाहुणे “सुटलीस गो!” म्हणून गेले, आणि तिथून पुढे वहिनी खरी खचली. हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. उपचार चालू असतात तेव्हा दर आठवड्याला कुणीतरी रक्त तपासतं, नर्स विचारपूस करते. ते संपलं की एकदम शांतता, पुढची तपासणी तीन महिन्यांनी. पाठ दुखली की वाटतं, परत आला.

सुलेका जवादचं ‘बिटवीन टू किंगडम्स’, 2021 चं, याच शांततेबद्दल आहे. बाविसाव्या वर्षी तिला ल्युकेमिया झाला. पुढे धाकट्या भावाचा बोन मॅरो मिळाला. उपचार जवळपास चार वर्षं चालले. दुसरी पुस्तकं जिथे संपतात तिथे या पुस्तकाचा निम्मा भाग सुरू होतो: उपचार संपलेत आणि हिला जगता येत नाहीये. मग ती कुत्र्याला घेऊन शंभर दिवस अमेरिकाभर गाडी चालवते, आजारपणात पत्रं लिहिणाऱ्या अनोळखी माणसांना भेटते. त्यांत फाशीच्या कोठडीतला एक कैदीही आहे.

आमच्या घरात सर्वात उपयोगी पडला तो तिच्या जोडीदाराचा भाग. तो आधी सगळं सोडून सेवा करतो, मग थकतो, आणि नातं तुटतं. ती त्याला खलनायक करत नाही आणि स्वतःलाही माफ करत नाही. वहिनीनं ती पानं भावाला वाचायला दिली, स्वतः काही न बोलता.

दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. साडेतीनशेच्या आसपास पानं आहेत, त्यामुळे केमोच्या धुक्यात हे झेपत नाही. आणि पुस्तक आल्यावर, 2021 च्या अखेरीस, तिचा ल्युकेमिया परतला. हे पुस्तकात नाही, पण नाव शोधलं की पहिल्यांदा तेच दिसतं. मी वहिनीला आधीच सांगितलं, आणि हेही सांगितलं की तिचा रक्ताचा कॅन्सर, तुझा वेगळा. ती म्हणाली, “असू दे. खोटं तरी नाही ना सांगत.”

एकच विकत घ्यायचं आणि उपचार अजून चालू आहेत, तर युवराजचं घ्या, महिन्यांबद्दलची ताकीद देऊन. उपचार संपत आले असतील तर जवादचं, आणि ते शेवटच्या बैठकीच्या आधीच घरात आणून ठेवा. कलानिधीचं सोबत राहणाऱ्या माणसाला, आणि तेही त्यानं मागितलं तर. आईसारख्या फक्त मराठी वाचणाऱ्यांसाठी मी पद्मजा फाटकांचं ‘हसरी किडनी’ आणलं. ते कॅन्सरचं नाही, किडनी बदलण्याचं आहे, पण लांबलेलं आजारपण घरात कसं शिरतं ते तिला त्यातून कळलं.

वहिनीच्या गोळीला आता नऊ महिने झाले. जवादच्या पुस्तकात तिची खूण अजून दोनशेच्या पुढे कुठेतरी अडकली आहे. रोज सकाळी गोळी घेतली की चार पानं, असं चाललंय.