एकच हिरा, दोन सर्टिफिकेटं आणि आमचे गेलेले पंच्याण्णव हजार

मुलीच्या साखरपुड्याच्या अंगठीतल्या हिऱ्याची आता आमच्याकडे दोन सर्टिफिकेटं आहेत. एकावर रंग 'जी' आणि क्लॅरिटी, म्हणजे दोषांपासूनची स्वच्छता, व्हीएस२. दुसऱ्यावर रंग 'आय' आणि क्लॅरिटी एसआय१, म्हणजे दोन्ही खालच्या प्रतीचे. हिरा एकच, खराखुरा, खाणीतून निघालेला. पहिलं सर्टिफिकेटही बनावट नाही. त्या लॅबच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की तेच सर्टिफिकेट उघडतं. फसवणूक झाली ती या सगळ्याच्या पलीकडे, आणि ती कुठे झाली हे नीट कळल्याशिवाय हिरा घेऊ नका म्हणून हे लिहितेय.

मुंबईतल्या एका पेढीवर आम्हाला दोन सुटे हिरे दाखवले गेले. दोन्ही गोल, दोन्ही कॅरेटच्या जरा वर. शेठ म्हणाले, "ताई, हापण जी, व्हीएस टू आणि हापण जी, व्हीएस टू. हा जीआयएचा, पाच लाख चाळीस. हा दुसऱ्या लॅबचा, सव्वाचार. माल तोच आहे, नुसत्या कागदाच्या नावाचे लाखभर रुपये कशाला भरता?" जीआयए ही हिरे तपासणारी, कडक मानली जाणारी लॅब. ऐकायला अगदी रास्त वाटतं. सव्वाचारवाला हिरा घेतला, अंगठी झाली, साखरपुडा झाला.

पुढे अंगठीत हिरा धरून ठेवणारा एक काटा सैल झाला म्हणून ती पुण्यात आमच्या ओळखीच्या जुन्या सराफांकडे दिली. त्यांनी हिरा काढला, पांढऱ्या कार्डाची घडी करून तिच्यात पालथा ठेवला आणि शेजारी स्वतःकडचा एक हिरा ठेवला. रंग बघायचा तो असाच, हिरा पालथा घालून बाजूने. वरून बघितलं की चमक डोळ्यांत भरते आणि पिवळसर झाक लपते. ते म्हणाले, "वहिनी, हा जी नाही हो. माझा हा आय आहे, जीआयएचा. तुमचा त्याच्याच जोडीचा दिसतोय." मग त्यांच्याच मार्फत हिरा जीआयएकडे गेला आणि दुसरं सर्टिफिकेट आलं.

दोन सर्टिफिकेटं हातात आल्यावर पहिला प्रश्न वेगळाच असतो: हा हिरा तोच आहे का? दुरुस्तीत बदलला तर नाही ना? याचं उत्तर मोजलेल्या आकड्यांत मिळतं. वजन दोन्हीकडे १.०१ कॅरेट. पहिल्यावर माप ६.४३ ते ६.४६ गुणिले ३.९७ मिलिमीटर, दुसऱ्यावर ६.४२ ते ६.४६ गुणिले ३.९७. शतांशाचा फरक यंत्रायंत्रात पडतो, तो सोडून द्यायचा. शिवाय हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने कोरलेला पहिल्या सर्टिफिकेटचा नंबर लूप या छोट्या भिंगातून वाचता आला. दोन्ही सर्टिफिकेटांवरच्या दोषांच्या नकाशांत कडेजवळची भेग आणि टेबलाखालचा, म्हणजे वरच्या सपाट पैलूखालचा, छोटा स्फटिक एकाच जागी. म्हणजे हिरा तोच, शंकाच नको.

सर्टिफिकेट वाचताना माझ्या मते हीच फोड सगळ्यात उपयोगी आहे. वजन, मिलिमीटर, टेबल आणि खोलीचे टक्के ही मोजमापं आहेत. कुठल्याही बऱ्या लॅबची ती जवळपास जुळायलाच हवीत. रंग आणि क्लॅरिटी मात्र माणसाच्या नजरेने ठरतात. रंगासाठी हिरा ठरलेल्या प्रकाशात नमुन्याच्या हिऱ्यांशेजारी ठेवून बघतात. क्लॅरिटी दहापट भिंगाखाली. जीआयएमध्ये एकाहून जास्त परीक्षक आपापलं मत स्वतंत्रपणे नोंदवतात, आणि मतं जुळेपर्यंत हिरा आणखी परीक्षकांकडे जातो. म्हणजेच मतं वेगळी पडू शकतात हे लॅबनेच धरून चाललेलं असतं.

पडणारच. रंग काही 'जी' संपून 'एच' सुरू असा पायऱ्यांनी बदलत नाही. तो सलग उतरत जातो, आपण त्याचे कप्पे पाडतो. रेषेवरचा हिरा आज या बाजूला पडेल, उद्या त्या. क्लॅरिटीचंही तसंच. व्हीएस२च्या व्याख्येचा सारांश असा की दहापट भिंगाखाली दोष तयार नजरेला 'काहीसा सहज' दिसतो, आणि एसआय१मध्ये तो 'सहज' दिसतो. 'काहीसा सहज' कुठे संपतं आणि 'सहज' कुठे सुरू होतं हे कुठलं यंत्र सांगणार? त्यामुळे एका पायरीच्या फरकाबद्दल मी कुणाला चोर म्हणणार नाही. एकाच लॅबमध्ये तोच हिरा पुन्हा दिला तरी एवढं होऊ शकतं, आणि व्यापारी रेषेवरचे हिरे चांगला ग्रेड मिळेल या आशेने पुन्हा पाठवतातही.

आमच्या हिऱ्यात मात्र रंग दोन पायऱ्या आणि क्लॅरिटी एक पायरी घसरली, आणि तीनही पायऱ्या एकाच दिशेला. नजरेची चूक असती तर कधी इकडे, कधी तिकडे पडली असती. सराफकाकांनी सांगितलं की त्या लॅबचे हिरे जीआयएकडे पाठवले की ते खालीच येतात, वर गेलेला त्यांच्या बघण्यात नाही. ही नजरचूक नव्हे, ही सैल फूटपट्टी आहे. लॅबची फी भरतो हिरा विकणारा. कुठला हिरा कुठल्या लॅबला पाठवायचा हेही तोच ठरवतो. कडक लॅबमध्ये 'आय' मिळणारा हिरा दुसरीकडे 'जी' मिळवत असेल, तर तो तिकडेच जाणार.

प्रकाशाचीही एक गंमत आहे. पहिल्या सर्टिफिकेटवर फ्लुरोसन्स 'फेंट', म्हणजे मंद, लिहिलंय, दुसऱ्यावर 'मीडियम ब्लू'. अतिनील किरण पडले की असा हिरा निळसर उजळतो, आणि निळं पिवळ्याला झाकतं. दिव्यात अतिनील किती आहे आणि हिरा दिव्यापासून किती लांब आहे यावर रंग वर-खाली दिसू शकतो. आमच्या हिऱ्याच्या घसरणीत याचा वाटा किती ते मला सांगता येणार नाही. पण सर्टिफिकेटावर निळा फ्लुरोसन्स असेल तर रंगाचं अक्षर जरा सावधपणे वाचावं.

हे सगळं होऊ शकतं याचं मूळ कारण असं की 'डी' ते 'झेड' ही रंगाची अक्षरं आणि व्हीएस, एसआय ही नावं आली जीआयएकडून, १९५३ च्या सुमाराला, पण त्यांच्यावर कुणाची मालकी नाही. कुठलीही लॅब तीच अक्षरं आपल्या मापाने वापरते. यावरून जगभर मोठा वाद झालाय. ईजीएल या नावाखाली निरनिराळ्या देशांत वेगवेगळ्या लॅब चालत, आणि त्यांची कडकपणाची पातळीही वेगवेगळी होती. शेवटी १ ऑक्टोबर २०१४ पासून रॅपनेट या व्यापाऱ्यांच्या मोठ्या ऑनलाइन बाजाराने ईजीएलच्या सर्टिफिकेटांची नोंदणीच बंद केली. म्हणणं साधं होतं: जीआयएची भाषा वापरून त्यापेक्षा सैल माप लावणं ही ग्राहकाची दिशाभूल आहे. व्यापाऱ्यांना हे तेव्हाही ठाऊक होतं, आजही आहे. त्यांच्या आपापसातल्या सौद्यात 'जी, व्हीएस२' एवढ्यावर भाव ठरत नाही. कुठल्या लॅबचा, हे आधी विचारतात.

आता आमचा हिशेब बघा, कारण फसवणूक त्यात आहे. शेठनी सव्वाचारची तुलना केली पाच चाळीसशी, म्हणजे दाखवलेली बचत एक लाख पंधरा हजार. पण ज्याच्याशी तुलना केली तो हिरा आमच्या हिऱ्याचा जोडीदारच नव्हता. आमच्या हिऱ्याचा जोडीदार म्हणजे जीआयएचा 'आय', एसआय१, तेवढ्याच वजनाचा. त्याचा भाव दोन-तीन पेढ्यांवर विचारला तेव्हा तीन लाखांच्या वर तीस हजारांच्या आतबाहेर, म्हणजे साधारण तीन तीस निघाला. आम्ही दिले चार पंचवीस. स्वस्त म्हणून घेतलेला हिरा पंच्याण्णव हजारांनी महाग पडला. सैल लॅबच्या कागदाला बाजार आधीच कमी भाव देतो, आणि तो कमी भाव आम्हाला 'सवलत' म्हणून दाखवला, तोही पूर्ण नाही.

म्हणून दोन लॅबच्या अक्षरांची थेट तुलना करूच नका. एकाच लॅबच्या कागदांत तुलना करा, शक्यतो कडक मानल्या जाणाऱ्या. ते जमत नसेल तर दुकानदाराला सरळ विचारा, "हा हिरा जीआयएकडे पाठवला तर काय येईल, आणि त्या ग्रेडचा हिरा तुमच्याकडे केवढ्याला आहे?" उत्तर टाळलं तर तेही उत्तरच आहे. तुलना करताना वजन आणि मिलिमीटर जुळवा, कटचा, म्हणजे पैलू पाडण्याचा, ग्रेड बघा, फ्लुरोसन्स बघा, आणि शेरे वाचा. 'क्लॅरिटी नकाशात न दाखवलेल्या ढगांवर आधारित आहे' अशी ओळ असेल तर नकाशा स्वच्छ दिसतो म्हणून खूश होऊ नका. ढग म्हणजे बारीक ठिपक्यांचे पुंजके. हिरा धूसर आहे का ते डोळ्यांनी बघा. दोन सर्टिफिकेटांच्या तारखांत बरीच वर्षं असतील तर मधल्या काळात हिऱ्याचा टवका उडालाय का तेही तपासा.

आणखी एक. दागिन्याचं सर्टिफिकेट आणि सुट्या हिऱ्याचं सर्टिफिकेट एका तराजूत घालू नका. अंगठीत बसवलेल्या हिऱ्याचा रंग धातूमुळे बदलून दिसतो, काट्यांखालचे दोष झाकले जातात, म्हणूनच तिथे बहुतेकदा 'जी-एच', 'व्हीएस-एसआय' अशी पट्टी लिहिलेली असते. जीआयए हिऱ्याचा ग्रेडिंग रिपोर्ट सुट्या हिऱ्याचाच देते.

आम्ही पेढीवर परत गेलो. शेठ शांतपणे म्हणाले, "ग्रेड लॅबने दिलाय, आम्ही नाही." आणि बिलावर तसंच होतं: 'तपशील लॅब रिपोर्टप्रमाणे'. या तीन शब्दांत त्यांची सुटका होती. बदली द्यायला ते तयार होते, पण त्याच लॅबचा दुसरा हिरा, त्याच भावात. नको म्हटलं. ग्राहक आयोगात जाण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, वकील कागद बघताहेत. पण लॅबचं मत हे मतच, हमी नाही, असं सर्टिफिकेटावरच बारीक अक्षरांत छापलेलं असल्यामुळे आमचा सगळा भर शेठच्या 'माल तोच आहे' या वाक्यावर आहे, आणि ते लेखी नाही.

जाऊबाईंनी नंतर दुसरीकडून हिरा घेतला तेव्हा बिलावर लिहून घेतलं: रंग, क्लॅरिटी, लॅबचं नाव, सर्टिफिकेटचा नंबर, आणि 'तीस दिवसांत जीआयए तपासणीत रंग किंवा क्लॅरिटी एका पायरीपेक्षा जास्त खाली आल्यास पूर्ण रक्कम परत'. एका पेढीने नकार दिला. दुसरीने पाच मिनिटांत सही केली.