आठ हजारांत सगळं, की अडतीसशे अधिक बाकी सगळं?

रत्नागिरीत इंजिनिअरिंगला किंवा पॉलिटेक्निकला येणाऱ्या घाटावरच्या मुलांना दोन प्रकारच्या खोल्या सांगितल्या जातात. पहिली मारुती मंदिराच्या आसपासची, दोघांत एक खोली, महिना ८००० रुपये. त्यात नाश्ता, दोन वेळचं जेवण, लाइट आणि कपड्यांचं मशीन सगळं आलं. दुसरी कुवारबाव किंवा नाचणे बाजूला एखाद्या घराच्या माडीवर, तीही दोघांत. तिचं भाडं ३८०० रुपये. जेवण जवळच्या मेसमध्ये, लाइट सबमीटरप्रमाणे, कपड्यांचं तुमचं तुम्ही बघायचं. रकमा उदाहरणादाखल घेतल्या आहेत. तुम्हाला सांगितलेले आकडे त्या जागी घालून हिशेब पुन्हा मांडा, रीत तीच राहते.

बहुतेक पालक ८००० आणि ३८०० शेजारी ठेवून बघतात आणि तिथेच गडबडतात. आधी दुसरी खोली पूर्ण भरून घ्यावी लागते.

| महिन्याचा खर्च | सगळं धरून | वेगवेगळं |
|---|---|---|
| खोली | ८००० | ३८०० |
| मेस, दोन वेळ | त्यातच | २८०० |
| नाश्ता, रोज ३० प्रमाणे | त्यातच | ९०० |
| लाइट, एकाचा वाटा | त्यातच | ४३० |
| साबण आणि इस्त्री | १६० (फक्त इस्त्री) | २५० |
| एकूण | ८१६० | ८१८० |

म्हणजे महिनाभर तिथेच राहणाऱ्या मुलाला दोन्ही खोल्या जवळपास सारख्याच पडतात. रविवारी संध्याकाळी जेवण दोन्हीकडे बंद असतं, त्यामुळे बाहेर खाण्याचा तो खर्च मी दोन्हीकडून वगळला आहे. खरा फरक पडतो मुलगा किती दिवस खोलीवर नसतो यावर, आणि कोकणात पावसावर.

आधी लाइटचे ४३० कुठून आले ते बघू, कारण घासाघीस इथेच जास्त होते. दोन पंखे ७५ वॉटचे, रोज दहा तास धरले तर महिन्याला ४५ युनिट. दिव्यांचे सात. दोन लॅपटॉपचे चौदा. दोन किलोवॉटचा गिझर दोघांच्या आंघोळींना मिळून रोज वीस मिनिटं चालला तर वीस युनिट. एकूण ८६ युनिट, दहा रुपयांनी ८६०, निम्मे ४३०. घरमालकाकडे नारळाच्या सोडणांवर तापणारा बंब असेल तर गिझरचे वीस युनिट गेलेच, आणि पाणीही भरपूर कढत मिळतं. एसी असेल तर मात्र हा सगळा हिशेब विसरा. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट खातो.

दहा रुपये युनिट हा दर बरोबर की जास्त, हे मालकाच्या महावितरणच्या बिलावरून कळतं. बिलाच्या एकूण रकमेला एकूण युनिटनी भागा. घरगुती बिलात पहिले १०० युनिट स्वस्त, पुढे ३०० पर्यंत महाग, ५०० पर्यंत त्याहून महाग, असे टप्पे असतात. पूर्ण घर एकाच मीटरवर असेल तर चार भाडेकरूंमुळे घर वरच्या टप्प्यात जातं आणि मालक वरचा दर तुमच्यावर टाकतो. त्यात तो अगदीच चुकीचा नाही, पण सरासरीपेक्षा फार वर मागत असेल तर बोलायला जागा आहे.

खोली बघायला जाल तेव्हा एक गोष्ट पाच मिनिटांत करून घ्या. खोलीतला पंखा, दिवे, गिझर, सगळं बंद करा, चार्जरसुद्धा काढा, आणि सबमीटरवरच्या लाल दिव्याकडे बघत उभे राहा. तो लुकलुकत राहिला तर तुमच्या मीटरवर दुसऱ्या कोणाचं काहीतरी चालू आहे. जिन्यातला बल्ब असेल तर सोडून द्या. विहिरीवरचा पंप असेल तर सोडू नका. एक हॉर्सपॉवरचा पंप रोज अर्धा तास चालला की महिन्याला अकरा युनिट होतात, आणि ते पाणी सगळं घर वापरतं.

‘लाइट त्यातच’ असं सांगणाऱ्या पहिल्या खोलीतही विचारायचं असतंच. बहुतेक ठिकाणी खोलीमागे युनिटची मर्यादा असते, वरच्या युनिटना वेगळा दर. गिझर सकाळी ठरावीक वेळेतच, किटली आणि इस्त्री वापरायची नाही, असेही नियम असतात. मर्यादा ६० युनिटची असेल, तर वरच्या हिशेबाने ८६ युनिट वापरणारी दोन मुलं दर महिन्याला २६ युनिटचे पैसे भरणार. पावसात लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टरवर काय चालतं, तेही विचारा. नुसता दिवा आणि पंखा यांत फार फरक आहे, विशेषतः परीक्षेच्या रात्री.

आता मेस. इथे कळीचा शब्द खाडा. मुलगा जेवायला नसेल त्या दिवसांचे पैसे मेसवाल्या काकू वजा करतात का, किती दिवस सलग नसेल तर करतात आणि आधी किती दिवस सांगावं लागतं, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय मेसच्या दराला काही अर्थ नाही. साधारण पद्धत अशी, की सलग तीन दिवसांहून कमी असेल तर खाडा धरत नाहीत. शनिवार-रविवार घरी गेलेल्या मुलाला त्यामुळे काहीच मिळत नाही.

समजा मुलगा सांगलीकडचा आहे. शिक्षणाचे दहा महिने, त्यात तो ६० दिवस घरी. गणपतीचे सात, दिवाळीचे दहा, सेमिस्टरच्या मधले वीस, हे ३७ दिवस सलग सुट्टीचे, आणि उरलेले २३ शनिवार-रविवार. मेस दिवसाला ९३ रुपये पडते, म्हणून ३७ दिवसांचे साधारण ३४०० परत. न खाल्लेल्या नाश्त्याचे १८०० वाचले, लाइटचे सातेकशे. दहा महिन्यांच्या ८१,८०० मधून ५९०० गेले, राहिले ७५,९००.

पहिल्या खोलीत यातलं काहीच वजा होत नाही. ८०,००० भाडं, १६०० इस्त्री, शिवाय डिपॉझिटमधून परत न मिळणारे २००० ‘मेंटेनन्स’. एकूण ८३,६००.

फरक ७७०० चा दिसतो, पण पाऊस बाकी आहे. रत्नागिरीत जुलै ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, ही अतिशयोक्ती नाही. माडीवर दोरी बांधलेली असते, पण जीन्स तिसऱ्या दिवशीही ओली असते आणि चौथ्या दिवशी तिला कुबट वास येतो. मग मुलं किलोवर धुऊन वाळवून देणाऱ्या लाँड्रीत जातात. किलोला ७० रुपये आणि आठवड्याला तीन किलो धरले, तर तीन महिन्यांचे अडीच हजार. दुसरी खोली आता ७८,४०० वर आली आणि फरक ५२०० उरला.

पहिल्या खोलीचं मशीन म्हणूनच नीट बघा. आठवड्यातून दोनदा तुमचा नंबर लागतो का, आणि धुतल्यावर वाळत कुठे घालायचं? गच्चीवर पत्र्याची शेड आणि बाजूने वारा असेल तर मशीनचा उपयोग. शेड नसेल तर मशीन असूनही लाँड्रीचे अडीच हजार तिथेही धरा, मग त्या खोलीची सोय फारशी उरत नाही. मी मशीन बघायच्या आधी गच्ची बघेन.

जेवणाच्या दर्जाबद्दल एकच सांगतो. ‘आठवड्यातून तीनदा मासे’ हे ऐकून कोणी खोली ठरवू नये. ॲडमिशनच्या दिवसांत, जून-जुलैत, यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, पुढे श्रावण. त्या काळात ताटात अंडं, नाहीतर सुका बांगडा येतो. त्यामुळे मासे खरंच मिळतात का, हे तुम्हाला तेव्हा तपासताच येत नाही. त्यापेक्षा पोळ्या किती, भात पुन्हा मिळतो का, हे बघा. घाटावरच्या मुलाला रात्री नुसता भात पुरत नाही आणि मग दहा वाजता वडापाववर रोज चाळीस रुपये जातात. खोली ठरवायच्या आधीच्या रात्री पैसे देऊन तिथे एक ताट जेवून बघणं सगळ्यात सोपं.

हे आकडे कुठे उलटतात? मेसने खाडाच धरला नाही तर दुसरी खोली ८१,८०० वर जाते आणि फरक अठराशेवर येतो. तेवढ्यासाठी रोज पावसात छत्री घेऊन मेसपर्यंत चालायला मी कोणाला सांगणार नाही. नांदेड-लातूरकडचा मुलगा असेल, जो फक्त दिवाळीला आणि सेमिस्टरनंतर मिळून २५ दिवस जातो, त्याला दुसरी खोली साधारण ८०,९०० ला पडते. त्याचाही फरक २७०० चाच, म्हणून त्याने पहिली घ्यावी, शेड असेल तर. दर शनिवारी गाडी पकडणाऱ्या मुलाने मात्र दुसरी घ्यावी, मेसशी खाडा ठरवून.

पहिली खोली आवडली असेल तर भाडं कमी करा म्हणू नका, मालक ऐकत नाहीत. सलग चार दिवसांहून जास्त सुट्टी असेल तर जेवणाचे दिवसाला ६० रुपये वजा करा, असं म्हणा. जेवण न शिजवल्याने त्यांचे तेवढे वाचतातच. ३७ दिवसांचे २२०० होतात. वर ‘मेंटेनन्स’चे २००० परत देण्यावर ठरलं, तर दोन खोल्यांतला फरक हजारावर येतो.

डिपॉझिट किती यापेक्षा ते कशासाठी कापतात हे महत्त्वाचं. पहिलीकडे ८०००, दुसरीकडे दोन महिन्यांचं ७६००, आकडे सारखेच. पण माडीवरच्या खोलीत दुसरीच अडचण असते. गणपतीला आणि मे महिन्यात मालकाकडे मुंबईचे चाकरमानी येतात, तेव्हा खोली मोकळी मागतात. सामान ठेवता येईल का आणि त्या महिन्याचं भाडं लागेल का, हे आधी विचारा. पहिल्या खोलीत उलट, करार अकरा महिन्यांचा असतो आणि मुलगा दहाच महिने राहतो. अकराव्याचे ८००० डिपॉझिटमधून गेले तर वरचा सगळा हिशेब मोडतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. प्रत्यक्षात माडीवरच्या एका खोलीसाठी तेवढं कोणी करत नाही. निदान डिपॉझिट ऑनलाइन पाठवा, आणि पाठवण्याच्या आधी मालकांना व्हॉट्सॲपवर एवढं लिहून त्यांचं ‘हो’ घ्या: “काका, डिपॉझिट ७६०० पाठवतोय. खोली सोडताना एक महिना आधी सांगेन. लाइटचं शेवटचं बिल आणि तुटफूट वजा करून बाकी पंधरा दिवसांत परत. आजचं सबमीटर रीडिंग फोटोत आहे. भिंतीवरच्या ओलीचाही फोटो जोडलाय, ती आधीचीच आहे.”