खात्याचा देश बदलल्यानंतर: स्टीम, ॲपल आणि गेम सर्व्हर यांचा काही महिन्यांचा अनुभव

राहण्याचा देश बदलल्यावर संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानातल्या माझ्या खात्याचा देशही मी बदलला आणि ॲपलच्या खात्यासाठी थोडी वेगळी वाट धरली. त्याला आता बरेच महिने झाले आहेत. या काळात सर्वांत उपयोगी ठरलेली समजूत अशी की, खात्याचा देश ही एकच नोंद नसते. दुकान कोणत्या देशाचे दिसते आणि पैसे कोणत्या चलनात कापले जातात, ही एक बाब. आधी घेतलेली वस्तू नव्या देशात चालते का, ही दुसरी. आणि ऑनलाइन खेळ कोणत्या सर्व्हरवर चालतो, ही तिसरी. पहिली बाब बदलली की उरलेल्या दोन्ही आपोआप बदलतात, असे गृहीत धरून निर्णय घेणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात तिसरीचा पहिलीशी बहुतेक वेळा काहीच संबंध नसतो.

स्टीमवरचा बदल त्यातल्या त्यात सरळ आहे. नव्या देशात पोहोचल्यावर तिथल्या इंटरनेटवरून खात्यात शिरले की स्टीमला देश वेगळा असल्याचे कळते आणि खात्याच्या तपशिलात किंवा खरेदीच्या पानावर नवा देश निवडण्याचा पर्याय दिसतो. मात्र तो निवडून काम संपत नाही. नव्या देशातल्या कार्डाने किंवा तिथल्या अन्य पेमेंट पद्धतीने एक खरेदी पूर्ण झाल्यावरच बदल पक्का होतो. स्टीम वॉलेटमध्ये पुरेशी रक्कम असली तरी ती या कामासाठी चालत नाही, कारण कंपनीला पुरावा हवा असतो तो स्थानिक पेमेंटचा. त्यामुळे नव्या देशातले बँक खाते उघडेपर्यंत थांबावे लागते, आणि या मधल्या काळात व्हीपीएन लावून जुन्या देशात असल्याचा आभास निर्माण करणे हा सेवेच्या कराराचा भंग ठरतो. खाते वर्षानुवर्षांच्या खरेदीने भरलेले असताना हा धोका पत्करण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही.

एकदा बदललेला देश पुढचे तीन महिने पुन्हा बदलता येत नाही. म्हणून काही आठवड्यांच्या प्रवासासाठी किंवा मुक्काम अनिश्चित असताना हा बदल करू नये. प्रवासात जुन्याच देशाचे दुकान ठेवून आधी घेतलेले खेळ खेळता येतात. वॉलेटमधली शिल्लक मात्र बुडत नाही, ती त्या वेळच्या विनिमय दराने नव्या चलनात बदलून मिळते. ही सोय सगळीकडे नाही. गूगल प्लेवर प्रत्येक देशाची शिल्लक वेगळी राहते, देश बदलल्यावर जुनी शिल्लक तिथेच अडकून पडते आणि देश साधारण वर्षातून एकदाच बदलता येतो. प्लेस्टेशनवर तर प्रश्नच मिटलेला आहे: खाते उघडताना जो देश निवडला तो कायमचा, आणि दुसरा देश हवा असेल तर दुसरे खाते.

आधी विकत घेतलेल्या खेळांचे काय होते, हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. माझ्या स्टीम लायब्ररीतून देश बदलल्यामुळे काहीही नाहीसे झाले नाही. एखादा खेळ नव्या देशाच्या दुकानात विक्रीलाच नसेल, तरी लायब्ररीतली त्याची प्रत बहुधा उतरवून घेता येते. अडचण येते ती त्या खेळाला काही जोडायचे असते तेव्हा. मूळ खेळ जिथे विकला जात नाही तिथे त्याचा पुढचा विस्तार किंवा डीएलसी, म्हणजे खेळाला जोडायचे विकतचे जादा भाग, हेही बहुधा विकले जात नाहीत, आणि काही खेळांच्या निरनिराळ्या देशांसाठी निरनिराळ्या आवृत्त्या असल्याने त्यांचे डीएलसी एकमेकांना जुळत नाहीत. कन्सोलवर हा नियम अधिक कडक आहे. तिथे डीएलसी मूळ खेळाच्याच प्रदेशाचे असावे लागते. त्यामुळे एखाद्या खेळाचे उरलेले भाग घ्यायचे ठरलेलेच असतील, तर ते देश बदलण्यापूर्वी जुन्या दुकानातून घेणे बरे. विशलिस्टमधल्या प्रत्येक खेळाबाबत एवढी घाई करण्याचे कारण नाही, कारण बहुतेक मोठे खेळ दोन्हीकडे असतात आणि फरक पडतो तो किमतीत.

भेट पाठवण्यावर आणि कुटुंबावर होणारा परिणाम मात्र आधी लक्षात येत नाही. दोन देशांतल्या किमतींत मोठी तफावत असेल, तर स्टीम तो खेळ दुसऱ्या देशातल्या मित्राला भेट म्हणून पाठवू देत नाही. स्टीम फॅमिलीजची सुविधा 2024 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात सहा जणांपर्यंत एकमेकांचे खेळ वापरता येतात, पण ती एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे आणि सामील होणाऱ्याचे खाते त्याच देशाचे असावे लागते. त्यातून बाहेर पडलेल्या प्रौढ व्यक्तीला दुसऱ्या गटात जाण्यासाठी किंवा नवा गट करण्यासाठी, आधीच्या गटात सामील झाल्यापासून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते, आणि तिची रिकामी झालेली जागाही तोवर भरता येत नाही. आई-वडील एका देशात आणि मुले दुसऱ्या देशात, अशा घरांनी ही अट वाचूनच पुढचे पाऊल टाकावे.

वर्गणीच्या बाबतीत ॲपलचा अनुभव सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण तिथे क्रम उलटा आहे: स्टीम आधी देश बदलून देते आणि परिणाम नंतर दिसतात, तर ॲपल आधी सर्व हिशोब मिटवायला लावते. खात्यातली शिल्लक शून्य हवी, चालू वर्गण्या रद्द करून त्यांची मुदत संपेपर्यंत थांबायला हवे, आगाऊ नोंदवलेली खरेदी, भाड्याने घेतलेले चित्रपट आणि येऊ घातलेले परतावे पूर्ण व्हायला हवेत, फॅमिली शेअरिंगच्या गटातून बाहेर पडावे लागू शकते आणि नव्या देशाचे पेमेंट साधन जोडावे लागते. मासिक वर्गणी असेल तर ही फार तर काही आठवड्यांची बाब आहे. पण माझ्याकडे एका ॲपची वार्षिक वर्गणी निम्म्याहून अधिक शिल्लक होती. ती रद्द केली तरी मुदत संपेपर्यंत चालू राहते, ही चांगली गोष्ट. परंतु तोवर देश बदलता येत नाही. नव्या देशातली बँकेची आणि वाहतुकीची ॲप तर ताबडतोब हवी होती, आणि त्यांतली काही जुन्या देशाच्या ॲप स्टोअरमध्ये दिसतच नव्हती.

यावर मी जो मार्ग घेतला तो अजून चालू आहे. आयक्लाउडचे खाते जसेच्या तसे ठेवले, म्हणजे छायाचित्रे, संपर्क आणि बॅकअप यांना हात लावला नाही. नव्या देशाचे दुसरे ॲपल खाते उघडले आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये फक्त `Media & Purchases` या ठिकाणी जुन्या खात्यातून बाहेर पडून नव्या खात्याने प्रवेश केला. नवी ॲप आता नव्या दुकानातून येतात आणि जुन्या खात्यावरची वार्षिक वर्गणीही तिच्या मुदतीपर्यंत चालते आहे. त्रास दोन आहेत. जुन्या खात्यातून घेतलेल्या ॲपचे अपडेट आले की फोन अधूनमधून जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो. शिवाय आधीच्या खरेदीतले काही पुन्हा उतरवले किंवा आपोआप डाउनलोड होण्याची सोय चालू केली, की ते उपकरण त्या खात्याशी 90 दिवस बांधले जाते आणि तेवढ्या काळात दुसऱ्या खात्याची जुनी खरेदी त्यावर उतरवता येत नाही. म्हणून दररोज खाती आलटून पालटून वापरण्याचा हा उपाय नाही. एकदा बदलून तसेच ठेवायचे असेल तरच तो सोयीचा आहे.

वर्गणी कोणत्या खात्यावर आहे हे ओळखण्याची खूण साधी आहे: पैसे भरल्याची पावती कोणाकडून आली ते पाहावे. फोनच्या दुकानामार्फत घेतलेली वर्गणी त्या दुकानाच्या खात्याला चिकटलेली असते, तर सेवेच्या संकेतस्थळावरून थेट घेतलेली वर्गणी त्या सेवेच्या लॉगिनला. एका खेळाची मासिक वर्गणी मी फोनवरून घेतली होती. नव्या खात्याने प्रवेश करून ती पुनर्स्थापित करण्याचे बटण दाबले, तर काहीच सापडले नाही आणि मदतकक्षाकडून ठरावीक साच्यातले उत्तर आले. पावती जुन्या खात्याची होती, हेच त्याचे कारण. खेळातली प्रगती खेळाच्या लॉगिनमध्ये असल्याने ती सुरक्षित होती. जुनी वर्गणी संपू देऊन नव्या खात्यावर नव्याने घेतली, आणि ती अर्थातच नव्या देशाच्या दराने.

आता सर्व्हर. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये `Download Region` नावाची एक निवड आहे आणि तिच्यावरून होणारा गोंधळ फार जुना आहे. ती फक्त खेळाच्या फाइल कोणत्या सर्व्हरवरून उतरायच्या हे ठरवते. तिने किंमत बदलत नाही, दुकानाचा देश बदलत नाही आणि सामने कुठे होतात तेही बदलत नाही. सामन्याचा सर्व्हर प्रत्येक खेळ आपल्या पद्धतीने ठरवतो. डोटा 2 मध्ये खेळाडू प्रदेश स्वतः निवडतो आणि प्रत्येक प्रदेशासमोर पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, दिसते. काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये जास्तीत जास्त किती पिंग चालेल ती मर्यादा ठरवता येते. स्टीम खात्यावर कोणता देश लिहिला आहे याने या आकड्यांत काही फरक पडत नाही. प्रकाश ऑप्टिकल फायबरमधून सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे 10,000 किलोमीटरवरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किमान 100 मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात मार्ग वळसे घेतो, त्यामुळे आकडा आणखी वाढतो. जुन्या मित्रांबरोबर त्यांच्याच प्रदेशात खेळायचे तर ही किंमत खात्याचा देश कोणताही असला तरी मोजावी लागते.

काही खेळांत सर्व्हर ही केवळ अंतराची बाब नसते. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये अमेरिका, युरोप, आशिया आणि तैवान-हाँगकाँग-मकाव असे चार सर्व्हर आहेत, आणि एकाच लॉगिनखाली प्रत्येक सर्व्हरवरची प्रगती वेगळी असते. एका सर्व्हरवर विकत घेतलेले क्रिस्टल, म्हणजे खेळातले चलन, आणि मिळालेली पात्रे दुसरीकडे नेता येत नाहीत. दुसरा सर्व्हर निवडला की खेळ पहिल्या पातळीपासून सुरू होतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये अमेरिका-ओशनिया आणि युरोप यांचे परवाने आणि वर्गण्या स्वतंत्र आहेत आणि पात्रे एका प्रदेशातून दुसऱ्यात हलवता येत नाहीत. अशा खेळात मी जुनाच सर्व्हर ठेवला आहे. हाणामारीच्या प्रसंगी उशीर जाणवतो, पण एकट्याने किंवा संगणकाच्या पात्रांविरुद्ध खेळताना तो खपून जातो. माणसांविरुद्धच्या, क्षणाक्षणाला निकाल लागणाऱ्या खेळांत मात्र जवळचाच सर्व्हर घेतो, आणि गटातला एखादा मित्र दूरच्या देशात असेल तर कोणाची पिंग वाढू द्यायची ते सामना सुरू करण्याआधी आपापसांत ठरवून घेतो.