बिनलेबलच्या दोन चादरी: कोणता लॉट उचलावा?

इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये ठोकात अशा चादरी मिळतात, ज्यांवर ना गिरणीचं नाव असतं ना सुताची माहिती. विचारलं की उत्तर येतं, "प्युअर कॉटन है, तीन सौ टीसी, किंग साइज." टीसी म्हणजे थ्रेड काउंट, एक इंचाच्या चौकटीतले उभे आणि आडवे धागे मिळून. दुकानदाराचं हेच वाक्य दोन अगदी वेगळ्या मालांबद्दल ऐकलं, म्हणून ते दोन्ही लॉट इथे शेजारी-शेजारी मांडते. पहिला 380 रुपयांचा: हाताला कडक, भरदार, निळ्या छपाईचा. दुसरा 440 चा: मऊ आणि किंचित चकाकणारा. घरून चादरी विकणाऱ्या बहुतेक जणी हात फिरवून पहिला उचलतील, कारण तो जड लागतो आणि स्वस्तही आहे.

मोजायला सुरुवात मापापासून करावी. चादर जमिनीवर न ताणता पसरा आणि लांबी-रुंदी प्रत्येकी तीन ठिकाणी मोजा, कारण कापणी तिरकी असली तर टोकाला एक माप येतं आणि मधे दुसरं. सांगितलेलं माप दोन्हींचं 90 बाय 100 इंच, म्हणजे साधारण 229 बाय 254 सेंटीमीटर. दुसरी चादर बरोबर तेवढी भरली. पहिली 225 बाय 249.

मग वजन. त्यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. उशांचे अभ्रे बाजूला काढून ठेवा. पहिली 740 ग्रॅम, दुसरी 690. ग्रॅमला चौरस मीटरने भागलं की जीएसएम मिळतो. पहिलीचं क्षेत्रफळ 5.60 चौरस मीटर, म्हणून 132 जीएसएम, दुसरीचं 5.82, म्हणून 119. इथवर पहिलीच सरस दिसते. पण हे वजन सगळं सुताचं आहे का, हा प्रश्न अजून बाकी आहे.

कापडाला भरदारपणा खळीनेही येतो. खळ पिष्टाची आहे का, हे पाहायला औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून त्याचा एक थेंब चादरीच्या आतल्या दुमडीवर टाका. पहिलीवर थेंब काळा-निळा झाला, दुसरीवर तपकिरीच राहिला. एवढ्यावर थांबू नका, कारण खळ पिष्टाचीच असते असं नाही. कृत्रिम खळीला आयोडीन असा रंग देईलच, याची खात्री नाही. खरा हिशोब धुतल्यावर लागतो. गिऱ्हाईक धुतील तशीच धुवा: साधी पावडर, साधं पाणी, दोरीवर वाळवण. पहिलीचं वजन 740 वरून 640 वर आलं. शंभर ग्रॅम म्हणजे साडेतेरा टक्के माल पाण्यात गेला. दुसरी 690 वरून 675 झाली.

इथे एक खबरदारी महत्त्वाची आहे. सुती कापड हवेतला ओलावा धरून ठेवतं, पॉलिएस्टर जवळजवळ धरत नाही. त्यामुळे श्रावणातल्या दमट दिवशी आणि मे महिन्यातल्या दुपारी एकाच सुती चादरीचं वजन वेगळं येतं. म्हणून त्याच लॉटमधली एक न धुतलेली चादर त्याच खोलीत ठेवा आणि दोन्ही वेळा तिचंही वजन करा. तिचं बदललं नाही, तरच धुतलेलीतली घट खरी समजा. आणखी एक चकवा आहे: धुतलेल्या पहिल्या चादरीचा जीएसएम काढला तर तो 123 येतो आणि घट किरकोळ वाटते. कापड आटून दाट झाल्यामुळे तो आकडा वर राहतो. खळ किती गेली हे पाहायचं तर अख्ख्या चादरीचं वजनच धरावं.

आटणं हा पहिलीचा खरा दोष. 249 ची लांबी 237 झाली, म्हणजे जवळपास पाच टक्के घट. 225 ची रुंदी 220 वर आली. दुसरी सेंटीमीटरभरच हलली: 253 बाय 228. आता हे गादीवर घालून बघा. 60 बाय 75 इंची, सहा इंच जाडीच्या गादीला दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटीमीटर खोचायला धरून साधारण 202 बाय 240 ची चादर लागते. पहिली रुंदीला ऐसपैस होते, लांबीला जेमतेम. पण 72 बाय 78 इंची किंग गादीला त्याच हिशोबाने 233 बाय 248 हवी. तिथे पहिली दोन्हीकडून अपुरी पडते. दुसरी लांबीला पुरते आणि रुंदीला दर बाजूला अडीच सेंटीमीटर कमी खोचली जाते, जे चालण्यासारखं आहे.

धागे मोजायला भिंग किंवा मोबाइलचा जवळचा फोटो पुरे. काठापासून दूर एक इंचाची चौकट आखा, सुईच्या टोकाने उभे धागे मोजा, मग आडवे, आणि असं दोन-तीन जागी करा. पहिलीत 72 अधिक 60, म्हणजे 132. दुसरीत 92 अधिक 80, म्हणजे 172. तीनशेच्या जवळपास दोन्ही नाहीत.

राहिलं सूत. उभा आणि आडवा धागा वेगवेगळा उपसून चिमट्यात धरा आणि पाण्याच्या ताटलीवर जाळा. दोन्ही दिशा वेगळ्या तपासायच्या, कारण एकीकडे सुती आणि दुसरीकडे पॉलिएस्टर असंही विणतात. पहिलीचे दोन्ही धागे जळक्या कागदाच्या वासाने जळले आणि बोटाने चुरडणारी राख उरली. दुसरीचे आक्रसून वितळले आणि टोकाला कडक मणी राहिला, पण कागदाचा वासही होता, म्हणजे मिश्रण. व्हिस्कोसही कागदासारखाच जळतो, त्यामुळे पहिलीला लगेच सुती म्हणता येत नाही. तिचा धागा ओला करून तोडून बघा. सुती धागा ओला झाला की अधिक चिवट होतो, व्हिस्कोसचा दुबळा पडतो. हा चिवट निघाला.

मिश्रणात पॉलिएस्टर किती टक्के, हे घरी कळत नाही. प्रयोगशाळेत गंधकाम्लात सुती भाग विरघळवून उरलेलं पॉलिएस्टर तोलतात. अशी एक जागा म्हणजे अहमदाबादची अटिरा ही कापड संशोधन संस्था. मोठा लॉट घ्यायचा असेल आणि टक्केवारी छापायची असेल, तरच हा खर्च करावा.

रंगासाठी ओल्या पांढऱ्या फडक्याने दहा वेळा घासून पाहा. पहिलीचा निळा रंग फडक्यावर हलका उतरला, दुसरीचा नाही.

माझं मत असं की, तुमची गिऱ्हाइकं इंदूरच्या उन्हाळ्यासाठी सुतीच मागत असतील तर पहिला लॉट घ्यावा, पण 380 ला नाही. शंभर ग्रॅम खळ आणि आटण्याचा आकडा दुकानदारापुढे ठेवून भाव करावा. वर्णनात "सुती, धुतल्यावर 220 बाय 237 सेंटीमीटर, 60 बाय 75 इंची गादीसाठी, पहिल्यांदा वेगळी धुवावी" एवढंच लिहावं. "किंग" हा शब्द नको. वसतिगृहं, भाड्याच्या खोल्या, रोजची धुलाई असं गिऱ्हाईक असेल तर 440 चा दुसरा लॉट निःशंक घ्यावा आणि "सुती-पॉलिएस्टर मिश्रण, 172 टीसी" असं स्पष्ट सांगून विकावा. लॉट कोणताही घ्या, वेगवेगळ्या गठ्ठ्यांतल्या तीन चादरी मोजून मगच पैसे द्या, आणि पुढच्या खेपेला तोच नमुना आला तरी वजन आणि आटणं पुन्हा तपासा. गिरणीचं नाव नसलेल्या मालात तेच डिझाइन दुसऱ्या कापडावर छापून येऊ शकतं.